अवघड सुडोकूत अडकलात तर: जोड्या, एक्स-विंग आणि साखळी, एकाच कोड्यावर

सोपं आणि मध्यम सुडोकू जमतं पण 'हार्ड' लिहिलेलं घेतलं की अर्ध्यात गाडी थांबते, अशांसाठी हा लेख आहे. नियम माहीत आहेत, ओळ-कॉलम-बॉक्स बघून आकडे भरता येतात, एवढं गृहीत धरतोय. त्याच्यापुढे काय करायचं ते एकच कोडं घेऊन पायरीपायरीने बघू, कारण वेगवेगळ्या टेक्निकची वेगवेगळी छोटी चित्रं बघितली की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि खरं कोडं समोर आलं की काहीच दिसत नाही.

अवघड कोड्यात शोधायचं असतं ते एकच, आणि ते म्हणजे दोनच पर्याय उरलेत अशी जागा. कधी एका घरात दोनच आकडे बसू शकतात, कधी एका ओळीत एखाद्या आकड्याला दोनच घरं उरतात. जोडी, एक्स-विंग, साखळी ही सगळी मंडळी या 'दोनच' वरच उभी आहेत, म्हणून नावं पाठ करण्यापेक्षा दोनच कुठे उरलंय हे बघायची नजर आधी तयार करा.

हे कोडं एखाद्या कागदावर उतरवून घ्या, नुसतं वाचून डोक्यात बसणार नाही.

```
. . . | . ७ . | १ ३ .
७ . ६ | . १ ३ | २ . .
१ . ३ | ९ ८ . | ६ ७ ४
------+-------+------
४ . १ | ७ ३ . | ९ . २
३ ७ . | . . ९ | . १ .
९ . . | . . . | ७ ४ ३
------+-------+------
. १ ४ | २ . ७ | ३ ९ .
६ . ७ | ३ ९ . | ४ २ १
२ ३ ९ | . . . | . . ७
```

घराचा पत्ता मी असा लिहिणार आहे: आधी आडवी ओळ, मग उभा कॉलम. म्हणजे ३-६ म्हणजे तिसऱ्या ओळीतलं सहावं घर. नुसतं 'ओळ' म्हटलं की आडवी, 'कॉलम' म्हटलं की उभा.

८१ पैकी ४६ घरं भरलेली आहेत, बघायला वाटतं की झालंच आता. पण एकही घर असं नाही की जिथे एकच आकडा बसतो, आणि कुठल्याही ओळीत, कॉलममध्ये किंवा बॉक्समध्ये एखाद्या आकड्याला एकच जागा उरलीय असंही नाही. सिंगल पूर्ण संपलेत. भरलेल्या आकड्यांच्या संख्येवरून कोडं किती अवघड ते कळत नाही ते असं. कमीत कमी १७ आकडे दिलेले असले तरच कोड्याला एकच उत्तर येऊ शकतं, १६ वाल्याला नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं, पण १७ आकड्यांची कितीतरी कोडी साध्या सिंगलने सुटून जातात. अवघडपणा असतो तो पुढचा आकडा मिळायला काय काय बघावं लागतं त्यात.

पायरी १: बारीक आकडे सगळ्या घरांत

सिंगल संपले की पेन्सिलने प्रत्येक रिकाम्या घरात तिथे बसू शकणारे सगळे आकडे बारीक लिहायचे. याला मी शक्यता म्हणतो. हे कंटाळवाणं काम आहे पण अवघड कोड्यात त्याला पर्याय नाही, कारण पुढचं सगळं काम आकडे भरायचं नसून शक्यता खोडायचं आहे. एक शक्यता खोडली जाते, त्यामुळे दुसरी, आणि मग कधीतरी एक आकडा पक्का होतो.

उदाहरणार्थ १-२ हे घर घ्या. त्याच्या बॉक्समध्ये १, ३, ६, ७ आहेत, ओळीत आणि कॉलममध्ये नवीन काही नाही, म्हणून उरले २, ४, ५, ८, ९. पाच शक्यता. तर ३-२ मध्ये फक्त २ आणि ५, कारण तिसऱ्या ओळीत तेवढेच दोन आकडे कमी आहेत.

इथे घाई करू नका. एक शक्यता लिहायची राहिली तर पुढे खोटी जोडी दिसते, तिच्या जिवावर चार आकडे खोडले जातात आणि पंधरा मिनिटांनी एका ओळीत ७ दोनदा येतो, आणि तेव्हा चूक कुठे झाली ते शोधता येत नाही. माझी सवय अशी की एक ओळ लिहून झाली की त्या ओळीत कमी असलेला प्रत्येक आकडा निदान दोन घरांत लिहिलाय ना ते बघायचं. एखादा एकाच घरात दिसला तर एकतर सिंगल सापडला किंवा काहीतरी लिहायचं राहिलंय.

पायरी २: जोड्या, आणि त्यातली लपलेली जोडी

जोडी दोन तऱ्हेची असते. उघडी जोडी सोपी, एकाच ओळीत (किंवा कॉलममध्ये, बॉक्समध्ये) दोन घरांत तेच दोन आकडे, तिसरं काही नाही. मग ते दोन आकडे त्या दोन घरांत वाटले जाणार, कुठला कुठे ते माहीत नाही पण बाहेर जाणार नाहीत हे नक्की, म्हणून त्या ओळीतल्या बाकी घरांतून ते खोडायचे.

आपल्या कोड्यात खालच्या डाव्या बॉक्समध्ये ७-१ आणि ८-२ अशी ५/८ ची उघडी जोडी आहे. पण त्या बॉक्समध्ये रिकामी घरंच ती दोन आहेत, खोडायला काही नाही, म्हणजे जोडी खरी आहे पण आत्ता तिचा उपयोग शून्य. नवीन शिकणारे अशा जोड्या मोजत बसतात. जोडी दिसली की लगेच विचारा, हिच्यामुळे कुठली शक्यता उडतेय? काहीच नसेल तर पुढे चला.

लपलेली जोडी जास्त कामाची आणि दिसायला अवघड. दुसरा कॉलम बघा, त्यातल्या रिकाम्या घरांच्या शक्यता अशा आहेत:

```
१-२ : २ ४ ५ ८ ९
२-२ : ४ ५ ८ ९
३-२ : २ ५
४-२ : ५ ६ ८
६-२ : २ ५ ६ ८
८-२ : ५ ८
```

घराघराने बघितलं तर नुसती गर्दी दिसते. म्हणून आकड्याच्या बाजूने बघायचं, म्हणजे या कॉलममध्ये ४ कुठे कुठे बसतो? १-२ आणि २-२, बस. ९ कुठे? तोसुद्धा १-२ आणि २-२, बस. दोन आकडे, त्यांना दोनच घरं, आणि दोघांची घरं तीच. मग ती दोन घरं ४ आणि ९ च्या नावावर झाली, तिथे दुसरं कोणी बसूच शकत नाही, कारण बसलं तर ४ किंवा ९ ला या कॉलममध्ये जागाच उरणार नाही. म्हणून १-२ मधून २, ५, ८ खोडा, २-२ मधून ५, ८ खोडा. दोन्हीकडे उरलं ४/९.

६ ला पण या कॉलममध्ये दोनच घरं आहेत, ४-२ आणि ६-२. पण त्याच दोन घरांत अडकलेला दुसरा आकडा नाही, म्हणून जोडी नाही. लपलेल्या जोडीला दोन आकडे लागतात, एकट्याने होत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, इथे खूप जण घसरतात आणि ४-२ मधून उगाच ५, ८ खोडून मोकळे होतात.

उघड्या जोडीत बाहेरच्या घरांतून खोडायचं, लपलेल्या जोडीत त्याच दोन घरांच्या आतून खोडायचं. दोन्ही एकत्र लक्षात राहत नसतील तर 'कोणाला दोनच पर्याय आहेत' एवढं विचारा, घराला दोनच आकडे असतील तर उघडी, आकड्याला दोनच घरं असतील तर लपलेली.

या जोडीचा एक फायदा लगेच घ्या. वरच्या डाव्या बॉक्समध्ये आता ८ ला फक्त १-१ आणि १-३ एवढीच घरं उरली, आणि दोन्ही पहिल्या ओळीत. म्हणजे पहिल्या ओळीचा ८ याच बॉक्समधून येणार, मग त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला १-९ मध्ये ८ लिहिलाय तो खोडा, तिथे राहिलं ५/९. बॉक्स आणि ओळ यांचा हा हिशोब प्रत्येक खोडाखोडीनंतर परत एकदा करायचा असतो, बहुतेक लोक तो सुरुवातीला एकदा करतात आणि मग विसरतात.

आकडा मात्र अजून एकही भरला गेला नाही. हार्ड कोड्यात असं चालतंच, घाबरून अंदाज लावायला जाऊ नका.

पायरी ३: एक्स-विंग

आता एकच आकडा घ्यायचा आणि तो प्रत्येक ओळीत किती घरांत बसू शकतो ते मोजायचं. कुठला आकडा घ्यायचा? मी या कोड्यात ५ घेतला, कारण तो दिलेल्या आकड्यांत एकदाही नाहीये, नऊच्या नऊ शोधायचेत. (असा पूर्ण गायब आकडा कोड्यात एकच असू शकतो. दोन गायब असते तर उत्तरात त्यांची अदलाबदल केली तरी चाललं असतं, म्हणजे दोन उत्तरं आली असती आणि कोडंच चुकीचं ठरलं असतं.)

ओळीने मोजा. पहिल्या ओळीत ५ ला पाच घरं, दुसरीत तीन, तिसरीत दोन, चौथीत तीन, पाचवीत पाच, सहावीत पाच, सातवीत तीन, आठवीत दोन, नववीत पाच. बरोब्बर दोन असलेल्या ओळी कुठल्या? तिसरी आणि आठवी. आता त्यांची घरं बघा:

```
ओळ ३ : ३-२ आणि ३-६
ओळ ८ : ८-२ आणि ८-६
```

दोन्ही ओळींत तेच दोन कॉलम, दुसरा आणि सहावा. हाच एक्स-विंग. चार घरांचा आयत तयार झाला आणि ५ त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसणार, एकतर ३-२ आणि ८-६, नाहीतर ३-६ आणि ८-२. तिरक्या दोन रेषा काढल्या की इंग्रजी एक्स होतो.

खोडता का येतं ते एकदा स्वतःच्या मनाला पटवा. तिसऱ्या ओळीचा ५ दुसऱ्या कॉलममध्ये गेला तर आठव्या ओळीचा ५ सहाव्यात जाणार, कारण दुसऱ्यात तर एक झाला. आणि उलट झालं तर उलट. दोन्ही बाजूंनी बघा, दुसऱ्या कॉलमला एक ५ आणि सहाव्या कॉलमला एक ५ या दोन ओळींतूनच मिळतो. म्हणून या दोन कॉलममधल्या बाकीच्या ओळींतून ५ उडवायचा. पॅटर्न ओळीत सापडला तर खोडायचं कॉलममध्ये, कॉलममध्ये सापडला तर खोडायचं ओळीत. उलटं केलंत तर त्या दोन ओळींत खोडायला काहीच मिळणार नाही, आणि मग 'एक्स-विंगचा काही उपयोग होत नाही' असं वाटत राहतं.

आपल्याकडे काय उडालं: दुसऱ्या कॉलममध्ये ४-२ आणि ६-२ मधला ५, सहाव्या कॉलममध्ये १-६, ४-६, ६-६, ९-६ मधला ५.

आता चौथी ओळ बघा. ४-२ मध्ये होतं ५, ६, ८, आता राहिलं ६/८. ४-६ मध्ये होतं ५, ६, ८, तिथेही राहिलं ६/८. उघडी जोडी! आणि या ओळीत रिकामं घर अजून एकच आहे, ४-८, तिथे ५, ६, ८ लिहिलेत. ६ आणि ८ जोडीने घेतले, म्हणून ४-८ मध्ये ५. हा पहिला पक्का आकडा, एका लपलेल्या जोडीनंतर, एका एक्स-विंगनंतर आणि एका उघड्या जोडीनंतर.

इथून बांध फुटतो. ४-८ मध्ये ५ आला म्हणून २-८ मध्ये ८ आणि ९-८ मध्ये ६. मधल्या उजव्या बॉक्समध्ये ५ झाला म्हणून ५-७ मध्ये ८, मग ५-९ मध्ये ६. सातव्या कॉलममध्ये उरलेला ९-७ म्हणजे ५. मग ७-९ मध्ये ८, त्यामुळे ७-१ मध्ये ५, त्यामुळे ८-२ मध्ये ८ आणि ८-६ मध्ये ५, आणि सहाव्या कॉलममध्ये ५ झाला म्हणून ३-६ मध्ये २ आणि ३-२ मध्ये ५. म्हणजे एक्स-विंगचे कोपरे शेवटी ३-२ आणि ८-६ असे निघाले. बाकीचं तुम्ही भरू शकाल, सगळे सिंगलच आहेत.

आता चूक कशी होते ते बघू, कारण याच कोड्यात सापळा आहे. चौथ्या ओळीत पण ५ हा ४-२ आणि ४-६ मध्ये होता ना? तेच कॉलम, दुसरा आणि सहावा. मग तिसरी ओळ सोडून चौथी आणि आठवी ओळ घेऊन एक्स-विंग का नाही म्हणायचा? कारण चौथ्या ओळीत ५ ला तिसरं घर पण होतं, ४-८. आणि शेवटी ५ नेमका तिथेच निघाला. समजा घाईत ४-८ कडे लक्ष गेलं नाही आणि चौथी-आठवी धरून दुसऱ्या कॉलममधले बाकीचे ५ खोडले, तर ३-२ मधला ५ उडाला असता, जो खरं तर उत्तर होता. चार कोपरे दिसले म्हणजे एक्स-विंग झाला असं नाही, दोन्ही ओळींत त्या आकड्याला *फक्त* दोनच घरं पाहिजेत. म्हणून कोपरे शोधू नका, आधी दोन घरवाल्या ओळी शोधा आणि मग कॉलम जुळतात का बघा. त्या क्रमाने गेलं की ही चूक होतच नाही.

ओळींत काही मिळालं नाही तर तोच आकडा कॉलमनी मोजायचा. नऊ आकडे, प्रत्येकी ओळीने आणि कॉलमने, असे अठरा वेळा मोजायचं काम आहे, सवय झाली की पाच-सात मिनिटांत होतं.

पायरी ४: साखळी

साखळीला लोक उगाच घाबरतात. तुम्ही आत्ता केलेला एक्स-विंग हीच चार घरांची साखळी होती. ती अशी वाचा: ८-२ मध्ये ५ नसेल, तर ८-६ मध्ये आहे, मग ३-६ मध्ये नाही, मग ३-२ मध्ये आहे. म्हणजे ८-२ आणि ३-२ यातल्या एकात तरी ५ नक्की. म्हणून दोघांनाही बघणाऱ्या घरात ५ नसणार. ('बघणारं' म्हणजे त्याच ओळीत, कॉलममध्ये किंवा बॉक्समध्ये असणारं.)

यात दोन तऱ्हेचे दुवे आहेत. 'इथे नसेल तर तिथे आहेच' हा पक्का दुवा, तो फक्त तेव्हाच चालतो जेव्हा त्या ओळीत-कॉलममध्ये-बॉक्समध्ये त्या आकड्याला दोनच घरं असतात. 'इथे असेल तर तिथे नाही' हा कच्चा दुवा, तो कुठल्याही दोन एकमेकांना बघणाऱ्या घरांत चालतो. साखळी पक्क्या दुव्याने सुरू करायची, मग कच्चा, मग पक्का, असं आलटून पालटून, आणि संपवायची पक्क्यानेच. की दोन टोकांपैकी एक खरं.

आता आपण मागे जाऊ. समजा लपलेली जोडी मिळाली पण एक्स-विंग लक्षातच आला नाही, ४-८ अजून रिकामं आहे. ५ चे पक्के दुवे कुठे आहेत? पहिल्या कॉलममध्ये रिकामी घरंच दोन, १-१ आणि ७-१, म्हणजे पक्का. खालच्या डाव्या बॉक्समध्ये ७-१ आणि ८-२, पक्का. आठव्या ओळीत ८-२ आणि ८-६, पक्का. तिसऱ्या ओळीत ३-२ आणि ३-६, पक्का. आता जोडा:

```
१-१ मध्ये ५ नाही
  → ७-१ मध्ये ५ आहे     (कॉलम १, पक्का)
  → ८-२ मध्ये ५ नाही    (बॉक्स, कच्चा म्हणून वापरला)
  → ८-६ मध्ये ५ आहे     (ओळ ८, पक्का)
  → ३-६ मध्ये ५ नाही    (कॉलम ६, कच्चा)
  → ३-२ मध्ये ५ आहे     (ओळ ३, पक्का)
```

पक्का दुवा कच्च्याच्या जागी वापरलेला चालतो, कारण तो दोन्ही बाजूंनी खरा असतो. कच्चा मात्र पक्क्याच्या जागी कधीच चालत नाही.

निष्कर्ष: १-१ आणि ३-२ यातल्या एकात ५ आहेच. दोघांना बघणारं आणि ५ ची शक्यता असलेलं घर कुठलं? १-३, कारण ते त्याच बॉक्समध्ये आहे. तिथे होतं २, ५, ८, त्यातून ५ खोडा. हे खोडणं एक्स-विंगने मिळालं नव्हतं, दोन घरं जास्त जोडली म्हणून मिळालं.

एवढ्याने काय होतं? तिसऱ्या कॉलममध्ये रिकामी घरं तीन, १-३, ५-३, ६-३. आता ५ फक्त ५-३ आणि ६-३ मध्ये उरला, आणि दोन्ही मधल्या डाव्या बॉक्समध्ये. म्हणून त्या बॉक्समधल्या ४-२ आणि ६-२ मधून ५ गेला, आणि ४-२ झालं ६/८. म्हणजे एक्स-विंगने दुसऱ्या कॉलममध्ये जे केलं तेच वेगळ्या रस्त्याने झालं. एक दरवाजा दिसला नाही तरी दुसरा असतो, म्हणून एखादी टेक्निक आलीच पाहिजे असा हट्ट धरू नये.

हा अंदाज लावणं नाही का, असं बरेच जण विचारतात. अंदाजात तुम्ही एका घरात ५ धरता, पुढे भरत जाता, जुळलं तर बरं नाहीतर सगळं खोडून परत. साखळीत १-१ मध्ये ५ आहे की नाही हे आपण ठरवलंच नाही. असला तरी १-३ मध्ये नाही, नसला तरी साखळीने ३-२ मध्ये आला म्हणून १-३ मध्ये नाही. दोन्ही बाजूंनी तेच उत्तर, म्हणून खोडलेलं परत लिहावं लागत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कच्च्याला पक्का समजणं. याच अवस्थेत कोणी म्हणेल की दुसऱ्या कॉलममध्ये ८-२ आणि ३-२ आहेत, ८-२ मध्ये ५ नाही तर ३-२ मध्ये आहे, एवढं लांब फिरायचं कशाला? पण दुसऱ्या कॉलममध्ये ५ तेव्हा ४-२ आणि ६-२ मध्ये पण आहे, चार घरं आहेत, म्हणून थेट तसं म्हणता येत नाही. प्रत्येक 'नाही तर आहे' च्या वेळी थांबून मोजा, इथे खरंच दोनच आहेत का. आणि साखळी डोक्यात धरू नका, वर लिहिलीय तशी बाजूच्या कागदावर उतरवा आणि कंसात ओळ-कॉलम-बॉक्स लिहा. सहा-सात घरांच्या पुढे गेलं की डोळा चुकतोच.

साखळीत एकच आकडा असावा लागतो असंही नाही. एखाद्या घरात दोनच शक्यता असतील तर ते घर स्वतःच पक्का दुवा आहे, 'इथे ५ नाही तर ८ आहे', आणि तिथून साखळी ५ वरून ८ वर उडी मारू शकते. वेगळी पद्धत म्हणून ती शिकायला नको, दुव्यांचा नियम तोच. पण सुरुवातीला महिनाभर एका आकड्याच्याच साखळ्या करा, दोन आकड्यांचं त्यानंतर आपोआप जमतं.

हे कुठपर्यंत पुरतं

पेपरमध्ये किंवा ॲपवर 'हार्ड' म्हणून येतात त्यातली बहुतेक या चार गोष्टींत सुटतात: बारीक आकडे, दोन्ही जोड्या, एक्स-विंग, छोटी साखळी. 'एक्सपर्ट' वगैरेंत तीन ओळी आणि तीन कॉलमचा मोठा एक्स-विंग लागतो, त्याला स्वॉर्डफिश म्हणतात, मोजायची रीत तीच. फिनलंडच्या आर्टो इंकाला यांनी २०१२ मध्ये केलेलं २१ आकड्यांचं प्रसिद्ध कोडं मात्र या कशालाच दाद देत नाही, तिथे फाटे फुटणाऱ्या साखळ्या लागतात, त्याच्या नादी शिकताना लागू नये.

अडकलात की क्रम हाच ठेवा: सिंगल, मग बॉक्स-ओळ हिशोब, मग जोड्या, मग एक्स-विंग, मग साखळी, आणि एक जरी शक्यता खोडली गेली तरी परत वरून सिंगलपासून सुरू. साखळी लिहीत बसता आणि बाजूला सिंगल तयार झालेला असतो, असं फार होतं.

आणि मध्येच एखाद्या घरात एकही शक्यता उरली नाही किंवा ओळीत एखाद्या आकड्याला जागाच राहिली नाही, तर पुढे जाऊ नका. भरलेले पक्के आकडे आधी तपासा, ते बरोबर असतील तर बारीक आकडे पूर्ण पुसून नव्याने लिहा. चुकलेली एक खोडणी शोधत बसण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

ताळा करायला वरच्या कोड्याचं पूर्ण उत्तर:

```
८ ९ २ | ६ ७ ४ | १ ३ ५
७ ४ ६ | ५ १ ३ | २ ८ ९
१ ५ ३ | ९ ८ २ | ६ ७ ४
------+-------+------
४ ६ १ | ७ ३ ८ | ९ ५ २
३ ७ ५ | ४ २ ९ | ८ १ ६
९ २ ८ | १ ५ ६ | ७ ४ ३
------+-------+------
५ १ ४ | २ ६ ७ | ३ ९ ८
६ ८ ७ | ३ ९ ५ | ४ २ १
२ ३ ९ | ८ ४ १ | ५ ६ ७
```

एकदा सुटलं की दोन दिवसांनी परत कोरं उतरवून घ्या आणि या वेळी दुसऱ्या कॉलमची जोडी न वापरता थेट ५ चा एक्स-विंग शोधा. तो तेव्हाही तिथेच आहे, कारण तिसऱ्या आणि आठव्या ओळीत सुरुवातीपासूनच दोन-दोन घरं रिकामी होती.